कवेलू उतरवायच्या आधी : गावातलं जुनं घर दुरुस्त करताना

आमच्याकडे घराचं काम काढायचं म्हटलं की पहिला प्रश्न येतो, "किती लागतीन?" माझ्या मते पहिला प्रश्न वेगळा असावा. स्लॅब कोणत्या तारखेला पडणार? पैशाची ओढाताण झाली तर उसनवारी होते, फरशी पुढच्या कापसावर ढकलता येते. मृग मात्र कोणासाठी थांबत नाही. ७ जूनच्या आसपास आभाळ भरून येतं, आणि तोवर डोक्यावर छत नसेल तर बजेटच्या कागदाला काही अर्थ उरत नाही.

हे मी काकाजींच्या घरी पाहिलं. अक्तीच्या मुहूर्तावर त्यांनी कवेलू उतरवले. मिस्त्री म्हणाला, "महिनाभरात स्लॅब टाकून देतो, काही टेन्शन घेऊ नका." मग लग्नसराई आली, सेंट्रिंगवाल्याच्या पाट्या दुसऱ्या गावी अडकल्या, रेतीचं ट्रॅक्टर तीनदा येतो म्हणून आलंच नाही. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस लागला तेव्हा भिंती लिंटेलपर्यंत होत्या. काकूंनी अख्खा पावसाळा ताडपत्रीखाली सपरीत स्वयंपाक केला. त्यानंतर चार वर्षांनी आमच्या घराचं काम निघालं, तेव्हा मी कॅलेंडर उलटं धरून बसलो. पुढे लिहिलं आहे ते त्याच घराचं. यवतमाळ जिल्ह्यातलं गाव, मातीच्या भिंती, कवेलूचं छप्पर. पुढची अर्धी बाजू धड होती, मागची कलली होती. मागची पाडून तिथे मिळून २५ बाय १६ फुटांच्या दोन खोल्या, म्हणजे ४०० चौरस फूट स्लॅब, आणि बाजूला संडास-न्हाणी काढायची होती. राहायचं पुढच्या भागातच.

कागद दिवाळीनंतर लगेच

गावठाणातल्या घराचा कागद म्हणजे ग्रामपंचायतीचा नमुना ८, कर आकारणीचा उतारा. तलाठ्याकडचा ८-अ वेगळा, तो शेताच्या खात्याचा. नवखा माणूस हमखास चुकीचा उतारा घेऊन येतो आणि एक चक्कर वाया जाते. तुमच्या गावात ड्रोनने मोजणी होऊन मिळकत पत्रिका निघाली असेल तर तीही काढून घ्या. हद्दीचा वाद झाला तर तिचा उपयोग होतो.

उतारा हातात आला की नाव पहा. आमच्या उताऱ्यावर आजोबांचं नाव होतं, आणि ते जाऊन अकरा वर्षं झाली होती. अशा वेळी आधी वारसांची नोंद, मग बांधकामाची परवानगी. नोंदीसाठी अर्ज, मृत्यूचा दाखला, सगळ्या वारसांच्या सह्या लागतात आणि विषय मासिक सभेपुढे जातो. सभा महिन्यातून एकदा होते. कोरम भरला नाही की सरळ पुढचा महिना. म्हणून मी नोव्हेंबरात सुरुवात केली. पुण्यात राहणाऱ्या आत्याची सही आणायलाच पंधरा दिवस गेले.

महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ५२ प्रमाणे घर बांधायला किंवा पुन्हा बांधायला ग्रामपंचायतीची परवानगी लागते. "आपलंच घर, आपलीच जागा" हे तिथे चालत नाही. अर्जासोबत नमुना ८, चालू वर्षापर्यंत घरपट्टी भरल्याची पावती आणि साधा नकाशा जोडायचा. अर्ज दिला की दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोच घ्यायची. ग्रामसेवक ओळखीचे असले तरी घ्यायचीच. बदली झाली की ओळखही जाते. जागा गावठाणाबाहेर, शेतात असेल तर मात्र अकृषक वापराचा प्रश्न येतो आणि ते काम तहसीलचं असतं.

दोन गोष्टी कोणी सांगत नाही. एक, शेजाऱ्याची सामाईक भिंत. जुन्या गावठाणात एकाच मातीच्या भिंतीवर दोन्ही घरांच्या मयाली टेकलेल्या असतात. तुमची बाजू पाडली की त्याचं छप्पर हलतं. आम्ही शेजारच्या भाऊंना बोलावून, चहा पाजून, भिंत तशीच ठेवू आणि आमची नवी भिंत एक फूट आत घेऊ असं कागदावर लिहून दोघांच्या सह्या केल्या. एक फूट जागा गेली, पण भांडण टळलं. दुसरी, विजेचं मीटर. ते पाडायच्या भिंतीवर असेल तर हलवण्यासाठी महावितरणकडे वेळेवर अर्ज करा. खांबावरून येणारी तार नव्या स्लॅबच्या डोक्यावरून जाते का तेही तेव्हाच बघून घ्या. सेंट्रिंगवर सळाख उचलताना ती तार आड आली तर जीवावर बेतेल.

बजेटच्या आधी खड्डा

मिस्त्री चौरस फुटाचा भाव सांगतो, तो जमिनीच्या वरचा. खाली काय आहे हे त्यालाही माहीत नसतं. आपल्याकडची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आटून भेगा पडतात. मे महिन्यात अंगणातल्या भेगेत बोट जात असेल तर समजून घ्या. त्या मातीवर पाया टेकवला की घर दरवर्षी वर-खाली होतं, आणि दोन पावसाळ्यांत दाराच्या चौकटीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग निघते.

म्हणून कोणाशी भाव ठरवण्याआधी पाडायच्या भागालगत तीन बाय तीन फुटांचा खड्डा एका माणसाकडून खोदून घ्या. आमच्याकडे साडेपाच फुटांवर पिवळा, घट्ट मुरूम लागला. सब्बल मारली की टण्ण आवाज यायचा आणि फक्त खडे उडायचे. पाया तिथपर्यंत न्यायचा हे ठरलं आणि पायाचा खर्चही ठरला. सात-आठ फुटांवरही काळीच असेल तर मिस्त्रीच्या भरवशावर राहू नका. तालुक्याच्या इंजिनिअरला खड्डा दाखवा. त्याची फी पायाच्या खर्चापुढे काहीच नाही.

याच वेळी पाण्याचीही चौकशी करा. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात बोअरच्या खाऱ्या पाण्यात काँक्रीट कालवलं तर आतली सळाख गंजते आणि काही वर्षांनी स्लॅबच्या खालून पोपडे निघतात. तिथे गोड्या पाण्याच्या टँकरचा खर्च बजेटमध्ये पहिल्यापासून धरावा लागतो.

पैशाचे तीन ढीग

आमचा हिशेब मी तीन ढिगांत लावला. पहिला ढीग छत पडेपर्यंतचा : पाडकाम, पाया, विटा, स्लॅबचं साहित्य आणि मिस्त्रीचा सेंट्रिंगसह ठेका. ठेका २६० रुपये फुटाने १ लाख ४ हजार झाला, आणि सगळं धरून ढीग ३ लाख ६० हजारांचा. दुसरा ढीग वापरता येण्याजोगं होण्याचा : संडास-न्हाणी, वायरिंग, दारं-खिडक्या, प्लास्टर. ते १ लाख ६८ हजार. तिसरा ढीग दिसण्याचा, फरशी आणि रंग, ६२ हजार. एकूण ५ लाख ९० हजार. हे आमच्या गावातले, त्या वर्षीचे भाव आहेत. तुमचे वेगळे असतील, पण ढिगांची वाटणी साधारण अशीच निघते.

आता गंमत अशी की कापूस आणि तूर विकून, जवळची शिल्लक धरून आमच्या हातात नेमके ५ लाख ९० हजारच होते. बहुतेक लोक इथे "बसलं बजेट" म्हणून सुरुवात करतात. पण जुन्या घराच्या कामात दर शंभर रुपयांमागे पंधरा रुपये तरी अनपेक्षित निघतात. भिंत पाडली की आत उधई लागलेला फाटा सापडतो, मुरूम एक फूट खाली जातो, सळाखीचा भाव चढतो. म्हणजे ५ लाख ९० हजार हातात असतील तर काम जास्तीत जास्त ५ लाख १३ हजारांचं ठरवायचं आणि ७७ हजार बाजूला ठेवायचे. मी फरशी आणि रंगाचे ६२ हजार कापले. बाहेरून प्लास्टर फक्त पावसाच्या अंगाच्या भिंतीला करायचं ठरवून आणखी १५ हजार वाचवले. कापायचं ते तिसऱ्या ढिगातून, फार तर दुसऱ्याच्या शेवटातून. पहिल्या ढिगातून, म्हणजे पायातून आणि सळाखीतून, एक रुपया कापायचा नाही.

सरकारी मदतीच्या भरवशावर बजेट बसवू नका. घरकुलाचे पैसे यादीत नाव असलेल्या, कच्च्या घरात राहणाऱ्या कुटुंबाला नवं घर बांधायला हप्त्याहप्त्याने मिळतात, धड घराचा भाग दुरुस्त करायला नाही. पुढचा हप्ता आधीच्या टप्प्याचा फोटो गेल्यावर येतो. तोवर पदरचे पैसे घालावेच लागतात.

कॅलेंडर उलटं

मृग ७ जूनला धरला. स्लॅब ३० एप्रिलपर्यंत पडलाच पाहिजे, म्हणजे मध्ये ३८ दिवस राहतात. हे दिवस पुरतात का? स्लॅबला पाणी मारणं आणि सेंट्रिंग उभं राहणं यात तीन आठवडे जातात. उरलेल्या अडीच आठवड्यांत पावसाच्या अंगाचं प्लास्टर, स्लॅबचा उतार आणि पन्हाळ होतात. पुरतात, पण ओढून ताणून.

आता मागे या. मिस्त्रीच्या तोंडचा हिशेब असा होता : पाडकाम ५ दिवस, पाया १०, जोतं आणि भराव १०, भिंती २०, सेंट्रिंग आणि सळाख ८, स्लॅब १. एकूण ५४. या आकड्यात मी एक तृतीयांश, म्हणजे १८ दिवस मिळवले. ७२ दिवस. ३० एप्रिलपासून ७२ दिवस मागे गेलं की १७ फेब्रुवारी येते. त्या दिवशी पहिला कवेलू उतरायचा.

अठरा दिवस जास्त वाटले तर फेब्रुवारी ते एप्रिल गावात काय चालतं ते आठवा. हरभरा-गहू काढणीला मजूर शेतात जातात आणि बाया तर मिळतच नाहीत. होळी-धुळवडीला मिस्त्री चार दिवस दिसत नाही, नंतर त्याच्या साळ्याचं लग्न असतं. आमच्याकडे सोळा दिवस असेच गेले आणि २८ एप्रिलला स्लॅब पडला. दोन दिवस शिल्लक होते, त्याचा मला अजून अभिमान आहे.

एक नियम मात्र आईने घातला होता आणि तो मी मोडला नाही. विटा, पहिली रेती आणि सळाख अंगणात आल्याशिवाय छप्पर उतरवायचं नाही. रेतीचं विशेष. १० जून ते ३० सप्टेंबर घाटातून उपसा बंद असतो, म्हणून मे महिन्यात भाव पेटतो. लागेल तेवढी मार्चमध्येच टाकून घ्या, आणि ट्रॅक्टरवाल्याकडे वाहतूक पास मागा. पास नसलेलं ट्रॅक्टर महसूलवाल्यांनी रस्त्यात धरलं की रेतीही जाते आणि दिवसही जातो.

कोण कोणाच्या आधी

पाया खोदताना निघालेली काळी माती खोलीच्या आत परत टाकू देऊ नका. मिस्त्रीला ते सोयीचं असतं, माती उचलून न्यायचा खर्च वाचतो. शेजारच्या गावात एकाने तसं केलं. दुसऱ्या पावसाळ्यात रात्री फटाका फुटावा तसा आवाज झाला. सकाळी पाहतात तर खोलीच्या मधोमध टाईल्स उठून तंबूसारख्या उभ्या. आत मुरूमच भरायचा, सहा-सहा इंचांचे थर देऊन, पाणी मारून, धुमसाने ठोकून.

नवी विटांची भिंत जुन्या मातीच्या भिंतीला चिकटवून बांधायची नाही. दोघींचं बसणं वेगळं असतं आणि सांध्यात भेग पडतेच. मधे फट ठेवून वरून टीनचं पन्हाळ घालायचं. जुन्या कवेलूवरून उतरणारं पाणी कुठे पडतं हेही तेव्हाच पहा. आमचं सरळ नव्या पायाशी पडत होतं. उतार अंगणाकडे वळवला आणि त्या कडेला फरशीचे तुकडे बसवून नाली काढली.

संडासचा पाईप जोत्यातून बाहेर काढायची जागा भराव टाकायच्या आधी सोडायची असते, म्हणून प्लंबर दोनदा लागतो : जोत्याच्या वेळी आणि प्लास्टरच्या आधी. वायरमनही दोनदा, स्लॅबच्या आधी आणि प्लास्टरच्या आधी. इथे आमची चूक झाली. स्लॅबच्या सकाळी सळाख बांधून तयार, मिक्सर सुरू, आणि वायरमन दारव्ह्याहून निघालोच आहे म्हणून सांगत होता. नऊ वाजता मिस्त्री म्हणाला, "आता थांबलो तर उन्हात माल वाया जाईन." पंख्याचे डबे घातले, पण एका खोलीत पाईप टाकायचा राहून गेला. आज त्या खोलीत भिंतीवरून पट्टी गेली आहे. पाहुणे विचारतात, मी विषय बदलतो. तुम्ही वायरमनला स्लॅबच्या आदल्या संध्याकाळीच बोलवा आणि डबे-पाईप बसलेले डोळ्यांनी पहा.

स्लॅबचा दिवस

४०० फुटांचा पाच इंची स्लॅब आणि त्याचे बीम मिळून आम्हाला ४५ पोती सिमेंट लागलं. नुसत्या स्लॅबला ३८ च्या आसपास लागतं. कोणी २५ पोत्यांत करून देतो म्हणाला तर त्याला नमस्कार करा. ओतायच्या आधी वर चढून तीन गोष्टी पहा. सळाखीखाली सिमेंटची बिस्किटं आहेत का, नाहीतर सळाख पाटीला टेकून खालून उघडी राहते. बल्ल्या पक्क्या जमिनीवर आहेत की भुसभुशीत मातीवर. पाट्यांच्या फटी बंद आहेत का.

आणि पाणी. वर नेणाऱ्या मजुरांना पातळ माल सोपा जातो, म्हणून मिक्सरवाला डबा-डबा पाणी वाढवतो. मूठभर माल हातात घेऊन दाबा. गोळा राहिला पाहिजे, बोटांतून दूध गळायला नको. मी दिवसभर मिक्सरजवळ खुर्ची टाकून बसलो होतो. एवढं पुरतं, बोलावं लागत नाही.

एप्रिलच्या उन्हात पहाटे पाचला सुरुवात करून दुपारच्या आत आटोपायचं. झाल्यावर ओली पोती झाकायची आणि दुसऱ्या दिवशी सिमेंट-रेतीच्या बांधांनी चौकोन करून पाणी साठवायचं. सध्या बहुतेक दुकानांत राखमिश्रित पीपीसी सिमेंट मिळतं. त्याला किमान दहा दिवस पाणी लागतं, आम्ही चौदा दिवस भरलं. सेंट्रिंगवाल्याला पाट्या पुढच्या कामावर न्यायच्या असतात, तो आठव्या दिवशीच फोन करतो. लहान खोलीच्या स्लॅबखालच्या बल्ल्या कडक हिशेबाने सात दिवसांनी आणि बीमखालच्या चौदा दिवसांनी निघू शकतात, पण ते साध्या सिमेंटला आणि रोज नीट पाणी मारलं असेल तर. आम्ही एकवीस दिवस हलू दिल्या नाहीत. त्याचं जास्तीचं भाडं ठेक्यातच लिहून घेतलं होतं.

ठेका कागदावर असावा आणि पैसे टप्प्यावर द्यावेत : जोतं झालं की इतके, लिंटेल झालं की इतके, स्लॅब झाला की इतके, आणि शेवटचे दहा टक्के प्लास्टर संपल्यावर. झालेल्या कामापेक्षा जास्त पैसे गेले की मिस्त्री दुसऱ्या गावी दिसू लागतो. त्याचं एकाच वेळी तीन ठिकाणी काम असतं, आणि ज्याचे पैसे बाकी त्याच्याकडे तो आधी जातो.

पाऊस लागल्यावर

आम्ही ५ जूनला सामान आत घेतलं. खाली फक्त सिमेंटचा कोबा होता, भिंती कच्च्या प्लास्टरच्या. दोन पावसांनंतर स्लॅबवर कुठे पाणी साचतं ते खडूने आखून ठेवलं आणि उघाडीत तिथे उताराचा थर दिला. बाजूला ठेवलेल्या ७७ हजारांतले ५२ हजार गेले होते : मुरूम एका कोपऱ्यात सात फुटांवर गेला, पुढच्या जुन्या भागाची एक मयाल बदलावी लागली, आणि पाण्याचे टँकर.

रंगाची घाई आम्ही मुद्दाम केली नाही. ओल्या प्लास्टरवर पुट्टी मारली की श्रावणात फुगे येतात. भिंतीवर प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने लावून रात्रभर ठेवा. सकाळी आतून घाम दिसला तर थांबा. आमच्या भिंतींना तो घाम पोळ्यापर्यंत येत होता. दसऱ्याला नाही आला, सोयाबीनही विकलं गेलं होतं, मग रंगवाल्याला बोलावलं.